ऊसतोडीवर बाहेरून लिहिताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी अंकांच्या कथा निवडायला मी बरीच वर्षं मदत करतो. ऊसतोड कामगारांवरची कथा नाही असं वर्ष आठवत नाही, आणि त्यातल्या बहुतेक कथा ऊस न तोडलेल्या माणसांनी लिहिलेल्या असतात. मीही त्यांच्यातलाच. आमचं घर सांगली जिल्ह्यातलं, ऊस लावणारं. म्हणजे तोडणाऱ्यांना मी लहानपणापासून बघत आलो, पण बांधावर उभा राहून. लिहिणारे आणि वाचणारे मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

जे जगलो नाही त्यावर लिहायचा अधिकार आहे का?

अधिकाराचा प्रश्न मला फारसा उपयोगी वाटत नाही. लिहायला कुणाची परवानगी लागत नाही आणि वाचकाला 'हे खोटं आहे' म्हणायलाही लागत नाही. बदलली आहे ती वाचकाच्या हातातली मोजपट्टी. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं, १९८० साली लक्ष्मण मानेंचं 'उपरा'. त्याआधी गावकुसाबाहेरच्या जगाबद्दल शहरी वाचकाला जे मिळे ते बहुतांशी दुसऱ्यानं बघून लिहिलेलं असे, आणि ताडून बघायला हाताशी काही नसे. आता आहे. शिवाय ऊसतोडीला गेलेल्या घरातली मुलं आज शिक्षक आहेत, पत्रकार आहेत, कविता लिहितात, आणि दिवाळी अंक त्यांच्याही घरी येतो. त्यामुळे 'लिहू का' यापेक्षा 'लिहिल्यावर मजूर जिथून येतात त्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यातला वाचक कुठल्या ओळीवर थांबेल' हा प्रश्न विचारलेला बरा.

तुमची स्वतःची कथा चुकली होती म्हणतात. काय चुकलं होतं?

बरंच. कथेचं नाव सांगत नाही, कारण ती कुणी शोधून वाचू नये असंच मला वाटतं. त्यात एक बाई पहाटे मोळी बांधते असा प्रसंग होता. मी लिहिलं होतं, 'तिनं कमरेची सुतळी सोडली आणि मोळी करकचून आवळली.' वाक्य मला फार आवडलं होतं. अंक आल्यावर आठवड्याभरात एका तरुणाचा फोन आला. गाव बीड जिल्ह्यातलं, शिक्षण बी.ए., आणि दर हंगामात आईवडिलांबरोबर तोडीला जाणारा. त्यानं आधी कथेचं कौतुक केलं, मग विचारलं, "सर, सुतळीचे पैसे कोन देतंय?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यानं समजावलं. दिवसाला सत्तर-ऐंशी मोळ्या होतात. प्रत्येक मोळीला हातभर सुतळी धरली तरी रोज किती लागेल? ती मजूर विकत घेणार नाही, मुकादम देणार नाही, आणि उसाबरोबर सुतळी आलेली कारखान्याला चालणार नाही. "मोळी वाढ्यानंच बांधतेत, सर. वाढं तिथंच पडलेलं असतंय."

वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. ते पायाशी पडलेलंच असतं. दोन वाढी शेंड्याकडून एकमेकांत पिळून लांब करायची, जमिनीवर आडवी टाकायची, वर ऊस रचायचा, गुडघा देऊन दाबायचा, दोन्ही टोकं वर आणून पीळ द्यायचा आणि उरलेलं टोक खाली खोचायचं. गाठ मारत नाहीत. मी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. आमच्याच रानात. तरीही लिहायला बसल्यावर हातात सुतळी आली, कारण माझ्या डोक्यात 'बांधणे' म्हटलं की दोरीच होती. बघणं आणि करणं यांतलं अंतर मला त्या सुतळीनं दाखवलं.

मग माहिती काढायची सुरुवात कुठून करावी?

पैशापासून. लेखक मंडळी दुःखापासून सुरुवात करतात. मजुरांच्या मुक्कामावर, तळावर जातात आणि बाईला विचारतात, "तुम्हाला काय त्रास होतो?" ती पाहुण्याला द्यायचं उत्तर देते. त्याऐवजी "औंदा उचल किती घेतली, कुणाकडून, आणि फिटेल का?" हे विचारा. पुढचा तासभर तुम्हाला काही विचारावं लागणार नाही.

हिशेब कळायला चारपाच शब्द पुरतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. हत्यारही कोयताच आणि माणसंही कोयताच. पंधरावीस कोयत्यांची एक टोळी, तिचा मुकादम. हंगामाआधी मुकादम जोडीला जी रक्कम देतो ती 'उचल'. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास टोळी गाव सोडते आणि तोडलेल्या उसाच्या टनावर ती उचल फेडत जाते. मधे किराणामालासाठी थोडे पैसे मिळतात, ती 'खर्ची', आणि तीही खात्यावर चढते. गाळप संपलं की 'पट्टा पडला' म्हणतात. तोपर्यंत फिटलं तर फिटलं, नाहीतर बाकी पुढच्या वर्षावर.

यात पगार नाही, महिना नाही, रविवार नाही. माझ्याकडे आलेल्या एका कथेत नायक 'पगाराच्या दिवशी' बायकोला साडी आणतो. पहिल्या पानावरच कथा संपली.

हिशेब कथेत घालायचा की काय? वाचकाला आकड्यांत काय रस?

कथेत घालायचा नाही, कथेच्या खाली ठेवायचा. एक उदाहरण करून बघू.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाला २७३ रुपयांचा दर ३६६ झाला. ऊस कसा वाहून नेतात त्यावर दर थोडा बदलतो, पण आपण ३६६ धरू. समजा, तुमच्या कथेतल्या जोडीनं एक लाख उचल घेतली आहे. धडधाकट जोडी दिवसाला साधारण दोन टन तोडते. हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होऊन फेब्रुवारीअखेर संपला. दिवस १२०. त्यात गाडी न येण्याचे, एका गावाहून दुसऱ्या गावाला तळ हलवण्याचे दहा दिवस वजा करा. उरले ११०. दोनशे वीस टन, म्हणजे ८०,५२० रुपये. पंधरवड्याला दोन हजार खर्ची धरली तर आठ पंधरवड्यांचे सोळा हजार. देणं १,१६,०००, फेड ८०,५२०. बाकी ३५,४८०.

म्हणजे काहीही वाईट न घडता, कुणीही न फसवता, रोज काम करून ही जोडी पस्तीस हजारांच्या बाकीत घरी जाते. तुमच्या कथेला खलनायकाची गरजच उरली नाही.

आता त्यात एक घटना टाका. जानेवारीत बाईला ताप भरतो आणि दहा दिवस जोडी बसून राहते. वीस टन गेले, म्हणजे ७,३२० रुपये. वर चुकलेल्या दिवसाचा दंड असतो, त्याला 'खाडा' म्हणतात. दिवसाला पाचशे धरला तर आणखी पाच हजार. बाकी झाली ४७,८००. ताप असलेली बाई फडात का उभी राहते हे सांगायला आता एकाही विशेषणाची गरज नाही. आणि नवरा तिच्यावर खेकसतो तेव्हा तो क्रूर आहे म्हणून खेकसतो की मनात टन मोजतोय म्हणून, हे तुम्हाला माहीत असेल. वाचकालाही ते कळतं, आकडा न वाचता.

उलटही होतं. एका कथेत जोडी डिसेंबरात 'सगळी उचल फेडून' गावाकडे निघते. दोन महिन्यांत १२० टन. एवढ्यात काय फिटतं ते तुम्हीच मोजा.

कामाचं वर्णन कितपत करावं?

जेवढं पात्राच्या लक्षात येतं तेवढंच. रोज ऊस तोडणाऱ्याला ऊस दिसत नाही, ऊस चांगला की वाईट ते दिसतं. पडलेला, वाकडातिकडा वाढलेला ऊस लागला की टोळीचं तोंड उतरतं, कारण त्याच मेहनतीत टन कमी भरतो. सरळ, जाड, उभा फड लागला की दिवस बरा. हा फरक बाहेरच्या माणसाच्या कथेत मी क्वचितच वाचला आहे. तिथे ऊस नेहमी 'हिरवागार' किंवा 'डोलणारा' असतो.

तसंच बुडख्याचं. उसाच्या बुडाकडे साखर जास्त, म्हणून शेतकऱ्याला आणि कारखान्याला तो जमिनीलगत तोडलेला हवा. तोडणाऱ्याला त्यासाठी दर घावाला कंबरेत आणखी वाकावं लागतं. माझे वडील बांधावरून ओरडायचे, "बुडातनं घ्या रं!" त्या तीन शब्दांत दोघांचं अर्थकारण आहे, आणि मी ते लहानपणी ऐकूनही कधी कथेत वापरलं नाही. सुतळी वापरली.

साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट फडकं, हे बहुतेकांना दिसतं. ते का, हे लिहिताना निसटतं. पाचटाच्या कडा हात कापतात आणि पाल्यावरची कूस कातडीत घुसून खाजते. एकदा एका लेखिकेनं त्या शर्टाचं 'नवऱ्याच्या मायेची ऊब' केलं होतं. मी समासात फक्त 'कूस' एवढं लिहून परत पाठवलं.

रात्रीचं मात्र लक्षात ठेवा. तोड दिवसा होते, पण जिथे ट्रक किंवा ट्रॅक्टर येतो तिथे तो कधी येईल ते कारखान्यासमोरच्या रांगेवर ठरतं. रात्री एकला आला तर एकला भरायचा. पंचवीस-तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं. त्यामुळे 'दिवसभर राबून टोळी शांत झोपली' हे वाक्य लिहिण्याआधी गाडी आली होती का ते ठरवा.

बोली कशी लिहायची? शुद्ध लिहिली तर खोटी वाटते.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मराठी वाचकाच्या कानात 'गावाकडची भाषा' म्हणून एक मिश्रण बसलेलं आहे, बहुतांशी कोल्हापूर-साताऱ्याचं, तमाशा आणि सिनेमातून आलेलं. 'आमास्नी', 'व्हय जी', 'करत्यात'. लेखक बीडच्या माणसाच्या तोंडी तेच घालतात. पुण्यातल्या वाचकाला ते अस्सल वाटतं. बीडच्या वाचकाला आपला माणूस मालकाच्या भाषेत बोलतोय असं वाटतं, कारण ती खरोखरच ज्यांच्या रानात तो तोडायला जातो त्यांची भाषा आहे.

मराठवाड्यात 'बांधत्यात' नाही, 'बांधतेत'. 'काय करायलास?', 'जेवायलेत', 'पाऊस पडायलाय'. 'माझं' नाही, 'मपलं'. एवढंही नीट कानात बसत नसेल तर साधी मराठी लिहा आणि वाक्याची चाल तेवढी बोलण्याची ठेवा. अर्धवट बोलीपेक्षा ते कमी खुपतं. शिव्यांची पेरणी करून बोली साधत नाही.

सगळेच मजूर घरात मराठी बोलतात असंही नाही. तांड्यावरून येणारी बंजारा टोळी आपसात गोरमाटी बोलते आणि मुकादमाशी, शेतकऱ्याशी मराठी. या बदलाच्या जागा कथेसाठी सोन्यासारख्या आहेत. शेतकरी जवळ आला की भाषा बदलते, हे मी आमच्या रानात ऐकलं आहे. तेव्हा वाटायचं, आपल्याबद्दलच बोलत असतील. असतीलही.

शब्दांचे अर्थ वाचकाला कसे सांगायचे? शहरी वाचकाला 'उचल' कळणार नाही.

पात्राच्या तोंडून सांगू नका, एवढंच. हे बघा:

"मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आपल्याला टनावर फेडायची आहे," ती नवऱ्याला म्हणाली.

नवऱ्याला हे माहीत आहे. तिला माहीत आहे की त्याला माहीत आहे. ती हे वाक्य तुमच्या वाचकाला सांगतेय. आतल्या माणसाच्या लिखाणात असं होत नाही, आणि बाहेरचा लेखक ओळखायची ही माझी सगळ्यात खात्रीची खूण आहे. हेच असं होईल:

"फिटंल का औंदा?"
"पट्टा लवकर पडला नाही तर."

'पट्टा' कळला नाही तरी भीती कळते. पुढच्या दोन पानांत अर्थही कळतो. वाचकावर तेवढा विश्वास टाका.

वाचक खरेपणा कशावरून ठरवतात?

कुठला वाचक, त्यावर आहे. ज्यानं तळ पाहिलेला नाही तो आधी कुठेतरी वाचलेल्या गोष्टीशी जुळवतो. जुळलं की 'किती वास्तव!' म्हणतो. म्हणजे त्याची कसोटी खरेपणाची नसून ओळखीची आहे.

उदाहरण देतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया बातम्यांत आल्या आणि सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. आकडा भयंकर आहे. साधारण सहांत एक. पण त्यानंतरच्या दोन वर्षांत माझ्याकडे आलेल्या ऊसतोडीवरच्या जवळपास प्रत्येक कथेतल्या नायिकेचं गर्भाशय काढलेलं होतं. सहांतल्या उरलेल्या पाच जणी कथांतून गायब झाल्या. एका कथेत ते नव्हतं, तर निवड समितीतल्या एका सदस्यानं विचारलं, "मूळ प्रश्नच टाळलाय का लेखकानं?" ती कथा एका मुलीची होती. धाकट्या भावाला कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, सांभाळत ती मोबाईलवर दहावीचा अभ्यास करते. मला ती त्या वर्षीची सगळ्यांत खरी कथा वाटली होती.

आतला वाचक वेगळं बघतो. त्या फोनवाल्या तरुणानं माझ्या कथेतल्या शोकांतिकेबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यानं सुतळी विचारली, मग विचारलं की बाई एकटीच फडात कशी, जोडीदार कुठे, आणि ती वाढी कुणी विकली. वाढी जनावरांच्या चाऱ्याला विकली जातात आणि ते सुटे पैसे बाईच्या हातात येतात, हे मी लिहिलं नव्हतं. त्याच्या दृष्टीनं माझ्या नायिकेच्या कनवटीला दिवसभरात एक रुपयाही आला नाही, आणि हे न पटण्यासारखं होतं. तिला मी जास्तच गरीब केलं होतं.

म्हणजे दुःख कमी दाखवायचं?

कमी-जास्तचा प्रश्न नाही, कुणाच्या नजरेतलं दाखवता त्याचा आहे. बांधावरून त्यांचं हाल-हाल जिणं दिसतं. तळावर बसलं की दिसतं की संध्याकाळी कुणी कुणाची टर उडवतंय, बैलांच्या जोडीवरून दोन गाडीवान भांडताहेत, एका कोपीत मोबाईलवर लग्नाचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा चाललाय.

आणि ही माणसं नेहमी सोसतच नाहीत, वसूलही करतात. आमच्या भागात तोड आली की टोळी शेतकऱ्याकडे 'खुशाली' म्हणून वरचे पैसे मागते. नाही दिली तर तुमचा फड मागे राहतो, उसाला तुरे येतात, वजन घटतं. आमच्या घरी त्या काळात वडिलांच्या तोंडी मजुरांबद्दल जे शब्द असत ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. माझ्या कथेत खुशाली नव्हती. गरीब माणूस अडवणूक करतो हे लिहायला मी घाबरलो होतो, म्हणजे त्याला मी पूर्ण माणूस मानलंच नव्हतं.

मुकादम हा खलनायकच ना?

बऱ्याच वेळा तो स्वतः कालचा तोडणारा असतो. कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे उचलून तो पुढे वाटतो. दोन कोयते उचल घेऊन आलेच नाहीत, किंवा त्यांनी दुसऱ्या मुकादमाकडूनही उचल घेतली, तर खड्डा त्याच्या नावावर पडतो. मग तो वसुलीला निघतो आणि त्यातून मजुरांना डांबून ठेवण्यापर्यंत गोष्टी जातात. हे गुन्हे खरे आहेत, पोलिसांत नोंदले जातात. पण त्याला कथेत आणायचं असेल तर त्यालाही कुणाचं तरी देणं आहे हे तुम्हाला माहीत हवं. मिशीवर ताव देणारा मुकादम सिनेमातून येतो. खरा बहुतेकदा फोनवर असतो.

कथा कुणाच्या तोंडून सांगावी?

बाहेरच्यानं बाहेरच्याच तोंडून सांगितली तर लाज वाटायचं कारण नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) धनगरांच्या वाडीची गोष्ट आहे, पण सांगतो तो तिथे नेमणूक होऊन आलेला तरुण शाळामास्तर. त्याला जे कळत नाही ते वाचकालाही कळत नाही, आणि त्याचं हळूहळू कळत जाणं हीच कादंबरीची वाट होते. मास्तर मेंढपाळाच्या मनात शिरल्याचा आव आणत नाही.

ऊसतोडीत असे बाहेरचे पुष्कळ आहेत. तोडीचा क्रम लावणारा कारखान्याचा चिटबॉय, मजुरांच्या मुलांसाठीच्या साखरशाळेतली शिक्षिका, ट्रकचा ड्रायव्हर, तळाजवळचा किराणा दुकानदार, बांधावरचं पोर. प्रत्येकाला एक बाजू नीट दिसते आणि दुसरी दिसत नाही. दुकानदाराला खर्चीचे सगळे आकडे माहीत असतात, पण कोपीत रात्री काय बोलणं होतं ते नाही. ही न दिसणारी बाजू तशीच मोकळी सोडायची हिंमत हवी. मी माझी कथा नंतर पुन्हा लिहिली ती बांधावरच्या मुलाच्या नजरेतून. ती अजून छापलेली नाही.

बाईच्या मनातून, प्रथमपुरुषी निवेदनात लिहायचंच असेल तर लिहा. मात्र मग वर सांगितलेला प्रत्येक हिशेब तिच्या डोक्यात चालू असला पाहिजे, तुमच्या वहीत नाही.

छापण्याआधी त्यांना वाचून दाखवावं का? कसं?

दाखवावं, आणि हंगामात नाही. नोव्हेंबर ते मार्च त्यांना झोपायला वेळ नसतो. पावसाळ्यात गावी जा. कागद हातात देऊ नका, मोठ्यानं वाचा. वाचताना ऐकणाऱ्यांच्या हाताकडे आणि एकमेकांकडे बघण्याकडे लक्ष ठेवा. चूक आली की दोघं एकमेकांकडे बघतात, आणि तुमचा मान राखून बोलत नाहीत. तिथे पेन्सिलीनं खूण करायची.

"कशी वाटली?" विचारलंत तर "भारी, सर" मिळेल. विचारायचं असं: "हे काम असं करतेत का? या बाईनं याच्याऐवजी काय केलं असतं? आणि इथं ती हसली असती का?" शेवटच्या प्रश्नाला मला सर्वांत उपयोगी उत्तरं मिळाली आहेत. नावं बदला, गाव बदला, उचलीचा आकडाही बदला. छोट्या गावात कुणाकडे किती बाकी आहे यावरून माणूस ओळखला जातो.

एकाच घरात वाचून थांबू नका. मुकादमाच्या ओट्यावर बसून वाचलंत तर दुसरीच दुरुस्ती येईल. बैलगाडीवाल्यांचा दिवस वेगळा, डोक्यावरून मोळ्या वाहून गाडी भरणाऱ्या डोकी सेंटरच्या टोळीचा वेगळा. एकाला चूक वाटलेलं दुसऱ्याकडे बरोबर निघतं.

आतल्या माणसानं लिहिलं की ते आपोआप खरं असतं का?

नाही, आणि हे त्यांचे त्यांनाच जास्त माहीत आहे. दलित आत्मकथनं आली तेव्हा त्यांच्याच समाजातल्या शिकलेल्या वर्गातून 'घरातलं चव्हाट्यावर का आणलं' अशी नाराजी उठली होती. आतला माणूस वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शिकून बाहेर पडला असेल तर त्याच्या आठवणीतला दर, मोबाईलआधीचा तळ आणि आजचा तळ यांत अंतर पडलेलं असतं. आता काही फडांत तोडणी यंत्र उतरतं आणि टोळी बांधावर बसून बघते. असा प्रसंग आतल्या-बाहेरच्या कुणाच्याच लिखाणात मला अजून नीट भेटलेला नाही. फरक एवढाच, की आतल्याची चूक वाचक विस्मरण म्हणून सोडतो आणि बाहेरच्याची चूक अज्ञान म्हणून धरतो. तक्रार करण्यात अर्थ नाही.

एवढं करूनही कुणी 'हे आमचं नाही' म्हणालं तर?

कुठली ओळ, ते विचारा. ओळ सांगितली तर दुरुस्त करा, पुढच्या आवृत्तीत किंवा पुढच्या कथेत. ओळ न सांगता सगळंच नाकारलं तर वाद घालू नका. कदाचित त्यांना तुमची चूक नाही, तुमचं बरोबर असणं खुपलं असेल, किंवा आमच्यावर दरवेळी दुसऱ्यानंच का लिहावं हा राग असेल. तो राग माझ्या ओळखीचा आहे. त्या तरुणानं फोन ठेवताना सांगितलं होतं की तोही एक कथा लिहितोय. पाठव म्हटलं, तर म्हणाला, "पट्टा पडल्यावर, सर." मार्चअखेरीस आली. सतरा पानं, वहीचे कागद. मोळीचा उल्लेख कुठेच नव्हता.